वाघाच्या घशातलं हाड : चौथीसाठी एक उतारा

आजच्या भागात आपण चौथीच्या मुलांसाठी एक छोटा उतारा तयार करू. त्याला शब्दार्थ जोडू आणि असे प्रश्न काढू, ज्यांचं उत्तर उताऱ्यात लिहिलेलं नसतं पण त्यातूनच निघतं.

गोष्ट इथलीच, कोलकात्यात रुजलेली घेऊ. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८५६ साली इसापच्या गोष्टी बंगालीत आणल्या, त्या ‘कथामाला’ नावाच्या पुस्तकात. इसापकडे ज्याच्या घशात हाड अडकतं तो लांडगा आहे. विद्यासागरांनी त्याचा वाघ केला. बंगालच्या मुलाला वाघाची ओळख करून द्यावी लागत नाही! मीही वाघच ठेवला, पण उतारा माझ्या शब्दांत लिहिला आणि त्यात तीन प्राणी जास्तीचे घातले. ते कशासाठी, हे पुढे येईल.

उतारा असा:

“एका वाघाच्या घशात हाड अडकलं. तो तळमळू लागला. भेटेल त्याला म्हणायचा, ‘हाड काढून दे, मी बक्षीस देईन.’ ससा बिळात शिरला. हरिण मागे न पाहता पळालं. माकड झाडाच्या शेंड्यावर गेलं. शेवटी एक बगळा तयार झाला. त्याने आपली लांब मान वाघाच्या जबड्यात घातली आणि चोचीने हाड ओढून काढलं. मग तो म्हणाला, ‘माझं बक्षीस?’ वाघाने त्याची चेष्टा केली. म्हणाला, ‘तुझी मान माझ्या दातांमध्ये होती, तरी अजून धडावर आहे. आणखी काय हवं?’ बगळ्याने एकदा त्या दातांकडे पाहिलं आणि तो उडून गेला.”

आता शब्दार्थ. कुठले शब्द निवडाल? बहुतेक जण ‘तळमळणे’ आणि ‘जबडा’ घेतील. घ्या. पण इथल्या मराठी घरांतल्या, बंगालीत शिकणाऱ्या मुलांचा पाय घसरतो तो ‘चेष्टा’वर. बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. त्यामुळे वाघाने बक्षीस द्यायचा प्रयत्न केला, असं मूल वाचतं आणि पुढची सगळी गोष्ट उलटी होते. शब्द ओळखीचा असल्यामुळे ते विचारतही नाही. म्हणून मी लिहितो : चेष्टा करणे – थट्टा करणे, हसणे. तिथेच थांबतो. ‘चेष्टा करणे – उपकार विसरून अपमान करणे’ असं लिहिलं, तर वाघ कसा आहे हे मीच सांगून टाकलं. मग मुलाने शोधायचं काय?

प्रश्न तीन पुरेत.

पहिला : वाघाच्या घशात काय अडकलं? हे उताऱ्यात थेट आहे. मुलाने वाचलं की नाही, एवढंच यातून कळतं.

दुसरा : ससा, हरिण आणि माकड यांनी मदत का केली नाही? ‘भीती’ हा शब्द मी मुद्दाम कुठेच वापरलेला नाही. मुलाला बिळ, पळणं आणि शेंडा एकत्र बघावे लागतात. जास्तीचे प्राणी घातले ते याचसाठी. माहीत असलेल्या गोष्टीच्या आठवणीवर हे उत्तर देता येत नाही.

तिसरा : बगळ्याने बक्षीस पुन्हा का मागितलं नाही? इथे “त्याला राग आला” असं उत्तर बऱ्याचदा येतं. मी ते चूक म्हणत नाही, फक्त विचारतो, “कुठल्या वाक्यावरून? बोट ठेव.” रागाचं वाक्य सापडत नाही. बोट फिरत फिरत दातांवर येतं, आणि मूल आपणच म्हणतं, “वाघ आता खाऊन टाकेल असं वाटलं त्याला.” दुसऱ्या एखाद्याने ‘आणखी काय हवं’ यावर बोट ठेवून “वाघ देणारच नाही हे कळलं” असं म्हटलं, तर तेही बरोबर. वाक्य दाखवता आलं पाहिजे, एवढीच अट.

“या गोष्टीतून काय शिकलात?” हा प्रश्न मी घेत नाही. उतारा झाकून ठेवा आणि विचारा. मुलं ‘उपकार विसरू नये’ असं न वाचताच सांगतील. न वाचता ज्याचं उत्तर येतं, तो वाचनाचा प्रश्न नव्हे. उलट “बगळ्याला पिल्लं होती का?” याचा उताऱ्यात काहीच धागा नाही; तिथे मूल नुसता अंदाज मारतं.

ज्यांना हे सोपं जातं, त्यांच्यासाठी मी जातककथेतला एक तपशील घालतो. तिथे सिंह आणि सुतारपक्षी आहेत, आणि तो पक्षी आत शिरण्याआधी सिंहाच्या जबड्यात एक काडी उभी लावतो. आपल्या उताऱ्यात तेवढंच एक वाक्य वाढवायचं : “बगळ्याने आधी वाघाच्या जबड्यात एक काडी उभी लावली.” मग विचारायचं, बगळ्याला वाघाबद्दल आधीच काय वाटत होतं?