अठरा लाखांत घर किती झालं?

सोलापूरकडच्या एखाद्या गावातलं बांधकाम डोळ्यांपुढे आणू. नवरा-बायको दोघंही शिक्षक. घराचा अंदाज ३० लाखांचा, मुदत १० महिन्यांची. सहावा महिना संपताना दोघं साइटवर येतात, तेव्हा ठेकेदार वही उघडून सांगतो, "सर, आपल्या अंदाजाप्रमाणं आजपर्यंत २० लाख लागायचे होते. १८च लागलेत. दोन लाख हातात आहेत."

सरांना बरं वाटतं. मॅडमची नजर मात्र भिंतींवर असते. स्लॅब पडलाय, पण वीटकाम निम्म्यावर थांबलंय आणि प्लास्टरला हातही लागलेला नाही. दोन लाख वाचले आहेत की दोन लाखांचं काम व्हायचं राहिलंय? ठेकेदाराच्या वहीत याचं उत्तर मिळणार नाही, कारण तिथे दोनच आकडे आहेत: किती खर्च व्हायला हवा होता आणि किती झाला. झालेल्या कामाची किंमत हा तिसरा आकडा तिथे नाही. ‘अर्न्ड व्हॅल्यू’ म्हणजे अर्जित मूल्य ही पद्धत या तिसऱ्या आकड्यावर उभी आहे.

तो आकडा काढायचा, तर आधी अंदाजपत्रकाचे तुकडे करावे लागतात. या घराचे असे झाले: पाया आणि जोतं ५ लाख, पहिले दोन महिने. कॉलम, बीम, स्लॅब मिळून ८ लाख, पुढचे दोन महिने. पाचव्या महिन्यात वीटकाम ४ लाखांचं, सहाव्यात प्लास्टर ३ लाखांचं. नंतरच्या चार महिन्यांत वायरिंग-प्लंबिंग ३ लाख, फरशी ३ लाख, दारं-खिडक्या अडीच लाख आणि रंग दीड लाख. बेरीज बरोबर ३० लाख.

सहा महिन्यांत प्लास्टरपर्यंतची कामं व्हायला हवी होती. त्यांची ठरलेली किंमत ५, ८, ४ आणि ३ मिळून २० लाख. हे नियोजित मूल्य. आता प्रत्यक्षात काय झालं ते बघू. पाया पूर्ण, म्हणून ५ लाख. स्लॅब पूर्ण, म्हणून ८ लाख. वीटकाम एकूण ५० घनमीटर व्हायचं होतं, टेप लावून मोजलं तर २५ भरलं. म्हणजे ४ लाखांपैकी २ लाख. प्लास्टर शून्य. बेरीज १५ लाख. हे अर्जित मूल्य.

इथे एक पथ्य पाळावं लागतं. झालेल्या कामाला किंमत लावताना प्रत्यक्षात किती पैसे गेले ते बघायचं नाही, अंदाजपत्रकातलाच भाव लावायचा. पायाला कितीही खर्च आलेला असो, पाया पुरा झाल्यावर खात्यावर जमा होतात ते ५ लाखच. खरा खर्च वेगळ्या रकान्यात राहतो, आणि तो आहे १८ लाख.

आता तीन आकडे शेजारी ठेवले की वहीतली बचत नाहीशी होते. २० लाखांचं काम व्हायचं होतं, १५ लाखांचं झालं. त्या १५ लाखांच्या कामाला १८ लाख लागले. अर्जित मूल्याला प्रत्यक्ष खर्चानं भागलं की जो आकडा येतो तो खर्चाचा निर्देशांक, म्हणजे सीपीआय. १५ भागिले १८, उत्तर ०.८३. खर्चलेल्या प्रत्येक रुपयातून ८३ पैशांचं काम मिळालंय. निर्देशांक एक असता तर रुपयाला रुपयाचं काम मिळालं असतं, एकाच्या वर गेला असता तर खरोखरच बचत होती. वेळेसाठी अर्जित मूल्याला नियोजित मूल्यानं भागतात. १५ भागिले २०, म्हणजे ०.७५. घर महागही पडतंय आणि मागेही पडलंय.

मग शेवटी किती लागतील? आजवरच्या दरानंच पुढचं काम झालं, तर ३० लाखांना ०.८३नं भागायचं. उत्तर ३६ लाख. पण ठेकेदाराकडे याला उत्तर असतं आणि ते ऐकून घ्यायला हवं. "सर, काळ्या मातीनं घात केला. मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागलं. आता पाया झाला, तो काही परत खणायचा नाही." त्याचं म्हणणं खरं मानलं, तर उरलेलं १५ लाखांचं काम १५ लाखांतच होईल आणि घर ३३ लाखांत उभं राहील.

दोन अंदाजांत ३ लाखांचा फरक आहे. कोणता धरायचा हे ठरवायला खर्च कामागणिक उलगडावा लागतो. पायाला ५ऐवजी साडेसहा लाख गेले, स्लॅबला ८ऐवजी ९, अर्ध्या वीटकामाला २ऐवजी अडीच. म्हणजे जादा गेलेल्या ३ लाखांपैकी काळ्या मातीच्या वाट्याला दीडच लाख येतात. उरलेला दीड लाख जमिनीच्या वर गेलाय. वीटकाम घनमीटरला ८ हजारांत धरलं होतं, ते १० हजारांनी पडतंय, आणि त्या भिंतींचा काळ्या मातीशी काही संबंध नाही. पाया बाजूला काढला, तर १० लाखांच्या कामाला साडेअकरा लाख लागलेत. याच चालीनं उरलेल्या १५ लाखांच्या कामाला सव्वासतरा लाख लागतील आणि घर सव्वापस्तीस लाखांवर जाईल. ठेकेदार खोटं बोलत नव्हता, पण त्याचं कारण निम्म्याच गळतीला पुरतं.

हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत घडली. ही पद्धतही तिथल्याच संरक्षण खात्यानं रुजवली. १९६७ साली खात्यानं मोठ्या कंत्राटदारांच्या हिशेबपद्धतीसाठी ३५ निकष घालून दिले आणि झालेल्या कामाचं मूल्य नियमित कळवणं बंधनकारक केलं. १९८८ साली नौदलानं ए-१२ या रडारला चुकवणाऱ्या हल्ला विमानाचं काम मॅकडोनेल डग्लस आणि जनरल डायनॅमिक्स यांना दिलं. कमाल किंमत ठरली सुमारे ४८४ कोटी डॉलर. एप्रिल १९९०मध्ये संरक्षणमंत्री डिक चेनी यांनी संसदेला कार्यक्रम ठीक चालल्याचं सांगितलं. जूनमध्ये कंपन्यांनीच कळवलं, की या किमतीत काम होणार नाही. नौदलाच्या चौकशीत दिसून आलं, की धोक्याची सूचना कंपन्यांच्या मासिक खर्च-अहवालांत आधीपासून होती. त्यातून निघणाऱ्या अंदाजांपैकी सर्वांत आशावादी अंदाज वर पाठवला गेला होता. ७ जानेवारी १९९१ रोजी चेनींनी प्रकल्प रद्द केला. गणित नीट झालं होतं. त्याचं उत्तर वर पोचलं नाही.

पुढे डेव्हिड क्रिस्टेन्सन या अभ्यासकानं सहकाऱ्यासह अशी १५५ संरक्षण कंत्राटं तपासून १९९३मध्ये निष्कर्ष मांडला: पाचव्या हिश्श्याइतकं काम झालं, की एकत्रित सीपीआय तिथून फारसा हलत नाही, साधारण दहा टक्क्यांच्या आतच राहतो. आमच्या घराचं निम्मं काम झालंय. मोठ्या कंत्राटांचा नियम छोट्या घराला जसाच्या तसा लागू होईलच असं नाही, पण "पुढे भरून काढू" या शब्दाची परीक्षा घेता येते. अंदाजात उरलेत १२ लाख आणि काम उरलंय १५ लाखांचं. म्हणजे आजवर रुपयाला ८३ पैशांचं काम देणाऱ्या माणसांनी उद्यापासून रुपयाला सव्वा रुपयाचं काम द्यायला हवं. काय बदललं म्हणून ते जमेल, हा प्रश्न ठेकेदाराला शांतपणे विचारता येतो.

या पद्धतीत खोट शिरते ती बहुतेक वेळा ‘किती टक्के झालं’ या उत्तरातून. मिस्त्रीला विचारलं तर वीटकाम नेहमी नव्वद टक्के झालेलं असतं. वीटकाम निम्म्याऐवजी नव्वद टक्के लिहिलं, तर अर्जित मूल्य १६ लाख ६० हजारांवर जातं, सीपीआय ०.९२ होतो आणि घर ३६ लाखांऐवजी साडेबत्तीस लाखांत बसताना दिसतं. भिंत एक वीटही वाढलेली नसते. म्हणून मोजता येतं ते मोजायचं, आणि जे मोजता येत नाही, उदाहरणार्थ वायरिंग, त्याला पूर्ण होईपर्यंत शून्यच धरायचं. आपल्याकडे सार्वजनिक बांधकाम विभागात काम मोजून मोजमाप पुस्तिकेत चढवल्याशिवाय बिल निघत नाही. अर्जित मूल्याचा कच्चा माल त्या पुस्तिकेत तयारच असतो. त्याशेजारी आजच्या तारखेचं नियोजित मूल्य मांडलं, की हा हिशेब पुरा होतो.

दुसरी खोट खर्चाच्या रकान्यात असते. सवलतीत मिळाली म्हणून लाखाची फरशी आणून ताडपत्रीखाली ठेवली असेल, तर खर्च दिसतो आणि काम दिसत नाही. सीपीआय विनाकारण पडतो. उलट सेंट्रिंगवाल्याचं बिल द्यायचं राहिलं असेल, तर तो विनाकारण चढतो. ज्या कामाचं मूल्य धरलं, त्याच कामाचा खर्च समोर यायला हवा, मग तो चुकता झालेला असो वा नसो.

वेळेच्या निर्देशांकावर तर शेवटी शेवटी विसंबूच नये. घर दहाऐवजी चौदा महिन्यांत झालं, तरी पूर्ण झाल्या दिवशी अर्जित मूल्य ३० लाख, नियोजितही ३० लाख आणि निर्देशांक नेमका एक! चार महिन्यांचा उशीर त्या आकड्यात कुठेच उरत नाही. त्यावर वॉल्ट लिप्की यांनी २००३मध्ये उपाय सुचवला: पैसे मोजू नका, महिने मोजा. आज झालेलं १५ लाखांचं काम वेळापत्रकानुसार कधी व्हायला हवं होतं? चौथ्या महिनाअखेरीस १३ लाखांचं, पाचव्याअखेरीस १७ लाखांचं. म्हणजे साडेचार महिन्यांच्या ठिकाणी. आज सहावा संपलाय. घर दीड महिना मागे आहे, आणि हे सरांना, मॅडमना, ठेकेदारालाही लगेच कळतं.

आता तिघं मिळून काय ठरवू शकतात ते बघा. वायरिंगमध्ये काटकसर करणं धोक्याचं. वाव उरतो तो फरशी, दारं-खिडक्या आणि रंगात. ही सगळी कामं अजून पुढे आहेत आणि त्यांची किंमत ७ लाख आहे. सागवानाऐवजी साधी दारं, वरच्या खोलीची फरशी पुढच्या वर्षी, विटांच्या नासधुशीवर आणि मजुरीवर आजपासून नजर, नाहीतर पाच-साडेपाच लाखांच्या वाढीव कर्जाची आत्ताच विचारपूस. नवव्या महिन्यात फरशी बसलेली असेल, सागवान कापून झालेलं असेल आणि हातात फक्त रंग उरेल. दीड लाखाच्या रंगातून पाच लाखांची तूट भरून निघत नाही. म्हणून भिंत मोजायची ती सहाव्या महिन्यात, वहीतल्या दोन लाखांवर समाधान मानण्याआधी.