गॉगल, गॅस आणि बारावीचं प्रात्यक्षिक

प्रिय पालकहो,

‘चष्मा आहे, मग वर गॉगल कशाला?’ असं तुमच्यापैकी काहींनी विचारलं आहे. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

बारावीत मुलं अज्ञात क्षार ओळखतात. त्यात अमोनियम शोधायचा तर परीक्षानळीत क्षारावर सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण, म्हणजे कॉस्टिक सोडा, घालून ते तापवायचं. अमोनियाचा उग्र वास आला आणि ओला तांबडा लिटमस निळा झाला की काम झालं. पण तळाला ज्योत एकाच जागी धरली, तर खाली एकदम वाफ धरते आणि वरचं सगळं द्रावण नळीतून उसळून बाहेर पडतं. ते बहुधा समोरच्या मुलाच्या अंगावर जातं. म्हणून स्वतःचं काम संपलं तरी, वर्गातलं शेवटचं भांडं धुऊन होईपर्यंत, कुणीही गॉगल काढायचा नाही.

लोक आम्लाला जास्त भितात, पण डोळ्याला अल्कली अधिक घातक. आम्लाने पृष्ठभागावरची प्रथिनं गोठतात आणि तो थर आम्लाला थोडंफार अडवतो. अल्कली मात्र पेशींच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांचा साबण करत आत शिरते आणि बुबुळावरचा पारदर्शक पडदा कायमचा पांढुरका होऊ शकतो. चष्म्याला बाजू आणि वरची फट मोकळी असते, थेंब तिथूनच जातो. तरीही डोळ्यात गेलंच, तर त्याच क्षणी नळाखाली पापण्या उघड्या धरून किमान 15 ते 20 मिनिटं धुवायचं आणि मगच दवाखाना गाठायचा.

आता फ्यूम कपबोर्ड. हे काचेची सरकती झडप आणि वर पंखा असलेलं कपाट आतली हवा खेचून बाहेर सोडतं. हायड्रोजन सल्फाइड त्यातच वापरायचा. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास हवेत अगदी किंचित असला तरी येतो, पण प्रमाण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेलं की काही मिनिटांत नाक बधिर होतं. ‘वास गेला, आता काढू का बाहेर?’ असं एखादं मूल विचारतं, तेव्हा मला खरी भीती वाटते. वास गेला म्हणजे वायू गेला, असं नसतं.

झडप खाली हवी, डोकं कधीच आत नको आणि कपाटात बाटल्यांची गर्दी नको, कारण त्या हवेची वाट अडवतात. तास सुरू होण्याआधी मी झडपेच्या कडेला टिश्यू कागदाची पट्टी धरतो. ती आत ओढली गेली नाही, तर त्या दिवशी हा वायू वापरायचा नाही.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. मुलाला दमा असेल तर मला आधी कळवा. आणि कॉन्टॅक्ट लेन्स असेल, तर प्रात्यक्षिकाच्या दिवशी चष्मा लावून पाठवा. त्यावर बसेल असा गॉगल आम्ही देऊ.

आपला,
रसायनशास्त्र शिक्षक