ऑफसाइटचा ईमेल: आकडा आणि तारीख

पुण्यातल्या चाळीस जणांच्या टीमसाठी कर्जतला एक रात्र, दोन दिवस. सहल कंपनीकडून असा प्रस्ताव येतो, तेव्हा मॅनेजरची नजर आधी बजेटवर जाते. समजा, ईमेलमध्ये ‘माणशी ५,५०० ते ७,००० रुपये’ असं लिहिलंय. म्हणजे एकूण २ लाख २० हजार ते २ लाख ८० हजार. त्यावर ५ टक्के जीएसटी धरला, की वरचा आकडा २ लाख ९४ हजारांवर जातो. कर धरून की वगळून, हे चांगल्या ईमेलमध्ये स्पष्ट असतं. खालच्या आणि वरच्या दरात नेमका काय फरक, हेही असतं: एसी बस, हॉल, प्रोजेक्टर, संध्याकाळचा नाश्ता.

खरी चूक खोल्यांच्या हिशेबात होते. एका खोलीत दोघं धरले, तर चाळीस जणांना वीस खोल्या पुरतील असं वाटतं. पण टीममध्ये २७ पुरुष आणि १३ महिला असतील, तर १४ आणि ७ मिळून २१ खोल्या लागतात.

तारखांचे दोन पर्याय द्यावेत, शक्यतो मंगळवार-बुधवारचे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी रिसॉर्टचे दर चढतात, घाटात वाहनांच्या रांगा लागतात. तिमाहीअखेरचे दिवस मात्र टाळावेत. हिशेब विभाग तेव्हा जागचा हलत नाही.

होकार देण्यापूर्वी मॅनेजरने दोन गोष्टी लेखी मागाव्यात: खोल्या कोणत्या तारखेपर्यंत राखून ठेवल्या आहेत आणि पाच जण गळाले तर पैसे किती कापले जातील.