अभ्यासातील चालढकल : मानसशास्त्रीय कारणे आणि अभ्यासाचे नियोजन

प्रस्तावना

उशीर होणे आणि चालढकल करणे यांत फरक आहे. आजारपणामुळे काम राहिले किंवा अधिक महत्त्वाचे काम आधी केले, तर ती चालढकल नव्हे. काम करायचे आहे आणि ते पुढे ढकलल्याने आपलेच नुकसान होणार आहे, हे माहीत असूनही आपण ते ढकलतो, त्याला मानसशास्त्रात चालढकल म्हणतात. प्रस्तुत घटकात तिची दोन कारणे आपण एका उदाहरणाच्या आधारे समजून घेऊ आणि त्यावरून नियोजन कसे करायचे ते पाहू.

उदाहरण

उदाहरण कल्पित आहे, पण त्यातील अडचण नेहमीची आहे. सोलापूरची एक विद्यार्थिनी बेंगळुरूमध्ये वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला शिकते आणि यशवंतपूरला पीजीमध्ये राहते. तिचा प्रकल्प यशवंतपूरच्या बाजार समितीतील कांद्याच्या व्यापारावर आहे. आज शनिवार असून अहवाल दोन आठवड्यांनी, पुढच्या शनिवारनंतरच्या शनिवारी सकाळी द्यायचा आहे. बाजार खोलीपासून जवळच आहे. तरीही ती रोज लॅपटॉप उघडते, शीर्षक लिहिते, अक्षरांचा आकार बदलते आणि थोड्या वेळाने मोबाईल हातात घेते.

पहिले कारण : कामाची नव्हे, भावनेची टाळाटाळ

ही मुलगी आळशी आहे का? याच काळात ती खोली आवरते, मैत्रिणीच्या नोट्स उतरवून देते. म्हणजे ती श्रम टाळत नाही. तिला कन्नड जेमतेम येते, आणि अनोळखी अडत्यांना प्रश्न विचारायचे या कल्पनेनेच तिच्या पोटात गोळा येतो. अहवालाचा विचार आला की ही भीती जागी होते. मोबाईल उघडला की ती क्षणभर जाते.

येथेच खरी मेख आहे. टाळल्याबरोबर सुटकेची भावना मिळते, आणि ज्या कृतीने त्रास थांबतो ती कृती पुन्हा करण्याची प्रवृत्ती वाढते. यालाच ऋण प्रबलन म्हणतात. फ्युशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल यांनी २०१३ मध्ये हाच मुद्दा मांडला, की चालढकलीत माणूस आत्ताची मनःस्थिती सावरतो आणि त्याची किंमत उद्याच्या स्वतःवर टाकतो.

ही किंमत किती असते? डायान टाइस आणि रॉय बाउमाइस्टर यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सत्राच्या सुरुवातीला चालढकल करणाऱ्या विद्यार्थ्यांवर इतरांपेक्षा ताण कमी होता. सत्र संपताना मात्र त्यांचा ताण आणि आजारपण दोन्ही अधिक होते आणि गुणही कमी पडले. 'शेवटच्या क्षणीच माझे काम चांगले होते' असे म्हणणाऱ्यांनी हा निष्कर्ष लक्षात ठेवावा.

दुसरे कारण : वेळेचा चुकीचा अंदाज

मुलीला वाटते, 'दहा तासांचे तर काम आहे.' रॉजर ब्यूहलर आणि सहकाऱ्यांच्या १९९४ च्या अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी सुमारे ३४ दिवसांचा अंदाज दिला होता, प्रत्यक्षात सुमारे ५५ दिवस लागले. कारण असे, की अंदाज बांधताना आपण सर्व काही सुरळीत चालल्याचे चित्र पाहतो. मागच्या वेळी काय झाले ते आठवत नाही. याला नियोजनाचा भ्रम म्हणतात.

नियोजन : पायरीपायरीने

प्रथम काम फोडावे आणि प्रत्येक तुकड्याला वेळ द्यावा. प्रश्नावली १ तास, बाजाराला दोन भेटी ४ तास, माहितीचे तक्ते २ तास, वाचन ३ तास, लेखन ४ तास, दुरुस्ती आणि छपाई २ तास. बेरीज १६ तास होते, म्हणजे 'दहा तास' हा अंदाज येथेच कोसळतो. मागच्या अहवालाला किती वेळ लागला याची नोंद असेल तर तिच्याशी ताडून पाहावे. नोंद नसेल तर दीडपट धरावे, म्हणजे २४ तास.

आता हाती असलेला वेळ मोजू. दोन आठवड्यांत कॉलेजचे १० दिवस आहेत. रोज दीड तास धरला तर १५ तास. चार सुट्ट्यांना प्रत्येकी ३ तास, म्हणजे १२. एकूण २७ तास. काम बसते, वर ३ तास उरतात. पण पहिले पाच दिवस, म्हणजे शनिवार ते बुधवार, वाया गेले तर साडेदहा तास जातात आणि साडेसोळाच उरतात. मग एक भेट जरी फुकट गेली तरी वेळ पुरणार नाही.

पुढची पायरी म्हणजे भीतीचा तुकडा ओळखून तो आधी आणि लहान करणे. येथे तो तुकडा बाजाराची भेट हा आहे. 'उद्या बाजारात जाईन' हा संकल्प कच्चा आहे. पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनानुसार वेळ, जागा आणि कृती आधीच जोडून ठेवली तर संकल्प पाळला जाण्याची शक्यता वाढते. म्हणून तिने असे लिहावे : 'सोमवारी कॉलेज सुटल्यावर खोलीवर न जाता मी कन्नड बोलणाऱ्या मैत्रिणीबरोबर थेट बाजारात जाईन आणि एकाच अडत्याला पाच प्रश्न विचारीन.' पाच प्रश्न कागदावर कन्नडमध्ये लिहून घेतले की भीती आणखी उतरते.

शेवटी मधल्या मुदती ठरवाव्यात. डॅन अॅरिएली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख यांच्या २००२ च्या प्रयोगात शेवटी एकच मुदत असलेल्यांपेक्षा स्वतः मुदती ठरवणाऱ्यांचे काम चांगले झाले, आणि समान अंतराच्या मुदती बाहेरून मिळालेल्यांचे सर्वांत चांगले. म्हणून मधली तारीख मार्गदर्शक शिक्षकांनाच सांगून ठेवावी, उदाहरणार्थ 'पहिल्या आठवड्याच्या शुक्रवारी तक्ते दाखवते.'

योजना कोठे बिघडते?

रंगीत वेळापत्रक बनवणे, संदर्भ गोळा करत राहणे हीही कामाच्या वेषातील चालढकल असू शकते. ओळखण्याची खूण सोपी आहे : तासाभरानंतर अहवालात जाईल असे काही कागदावर आले का?

एखादा दिवस बुडालाच तर स्वतःला दोष देत बसू नये. कार्लटन विद्यापीठातील २०१० च्या अभ्यासात पहिल्या परीक्षेच्या वेळची चालढकल स्वतःला माफ करणाऱ्या विद्यार्थ्यांनी पुढच्या परीक्षेला कमी चालढकल केली. अपराधीपणा वाढला की काम अधिकच नकोसे होते आणि पुन्हा टाळले जाते. बुडालेले तास राखीव तीन तासांतून भरून काढावेत.

या उपायांना मर्यादाही आहे. काही आठवडे झोप, भूक, आवडीच्या गोष्टी सगळेच बिघडले असेल, किंवा लहानपणापासून कोठेच लक्ष टिकत नसेल, तर प्रश्न वेळापत्रकाचा नाही. अशा वेळी समुपदेशकाला भेटावे. टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

स्वाध्याय

१. तुम्ही सध्या टाळत असलेले एक काम लिहा. त्यातील नेमका कोणता तुकडा नकोसा वाटतो?
२. त्या कामाचे तुकडे करून तासांची बेरीज करा आणि ती तुमच्या पहिल्या अंदाजाशी ताडून पाहा.
३. नकोशा तुकड्यासाठी वेळ, जागा आणि कृती सांगणारे एक वाक्य लिहा.