बावीस नव्हे, वीस आणि दोन

कराडला स्टेशनरीच्या एका घाऊक दुकानात मी संध्याकाळी तीन तास हिशेब लिहायला बसत असे. शाळा सुरू होण्याआधी वह्यांचा मोठा माल यायचा. एकदा शेठनी कारखान्याचं बिल माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "वीस टक्के सूट आहे, वर दोन टक्के सीडी. बावीस कापून चेक तयार कर." सीडी म्हणजे कॅश डिस्काउंट; बाजारात हेच म्हणतात. मी बावीस कापले. मालाची छापील किंमत पन्नास हजार होती (आकडे सोयीसाठी गोल केले आहेत), त्यातून ११,००० गेले आणि ३९,००० चा चेक निघाला. महिनाभराने कारखान्याकडून खातेउतारा आला. त्यात आमच्याकडे २०० रुपये येणे दाखवले होते. आमच्या वहीत मात्र त्यांचं खातं चुकतं झालेलं होतं.

शेठना वाटलं, कारखान्याचा कारकून चुकला. चूक आमची होती. वीस टक्के आणि दोन टक्के एकाच बिलावर दिसत असले, तरी ते एका जातीचे नाहीत.

वीस टक्के ही व्यापारी सूट. वहीवर पन्नास रुपये छापलेत, पण घाऊक घेणाऱ्याला ती चाळीसला मिळते. त्याने एक हजार वह्या घेतल्या म्हणून, किंवा तो पुढे दुकानदारांना विकणारा आहे म्हणून. पैसे आज द्या, महिन्याने द्या किंवा बुडवा, भाव चाळीसच राहणार. म्हणजे त्या मालाची खरी किंमत पहिल्यापासूनच ४०,००० आहे. छापील पन्नास हजार हा नुसता बोलणीचा आकडा. म्हणून व्यापारी सूट बिलातच वजा होते आणि खरेदी पुस्तकात ४०,००० चढतात. हवं तर तपशिलात '५०,००० वजा २० टक्के' असं टिपून ठेवायचं. पण त्या दहा हजारांचं खातं खतावणीत उघडत नाहीत, आणि रोकड वहीत तर ते कधीच येत नाहीत.

दोन टक्के ही रोख सूट, जुन्या मुनिमांच्या भाषेत कसर. बिलाखाली लिहिलेलं असतं, 'दहा दिवसांत रक्कम दिल्यास २ टक्के सूट, अन्यथा तीस दिवसांत पूर्ण.' ही सूट मालावर नाही. ती वीस दिवस आधी पैसे हाती येण्याची किंमत आहे. त्यामुळे ती काढायची ४०,००० वर. दोन टक्के म्हणजे ८००, चेक ३९,२०० चा. आम्ही ती छापील किमतीवर काढली, म्हणून कसर हजाराची झाली आणि दोनशेंचा घोळ तिथेच झाला.

दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण ३९,२०० वीस दिवस जास्त वापरायला मिळावेत म्हणून कुणी ८०० सोडत असेल, तर तो वर्षाला ३७ टक्क्यांच्या दराने व्याज मोजतोय. बँकेकडून उचल घेऊन दहा दिवसांत बिल चुकतं केलं तरी परवडतं, ते यामुळेच.

आता तीन रकान्यांकडे येऊ. रोकड वहीच्या डाव्या बाजूला येणारे पैसे, म्हणजे नावे. उजव्या बाजूला जाणारे, म्हणजे जमा. दोन्हीकडे रोख, बँक आणि सूट असे तीन-तीन रकाने. पहिल्या दोघांचं कारण उघड आहे: गल्ल्यात किती आणि बँकेत किती, हे वेगवेगळं कळायला हवं. तिसऱ्याचं कारण असं की, चेक ३९,२०० चा गेला, पण फिटलं ४०,००० चं देणं. मधले ८०० कुठल्याच गल्ल्यातून गेले नाहीत. ते त्याच ओळीत टिपले नाहीत, तर देणं पूर्ण फिटल्याची खूण राहत नाही.

एका जूनच्या पंधरवड्याचं पान पाहू. एक तारखेला गल्ल्यात ६,००० आणि बँकेत ६०,००० शिल्लक. आठ तारखेला कारखान्याला चेक दिला: जमा बाजूला बँकेच्या रकान्यात ३९,२००, सुटीच्या रकान्यात ८००. नऊ तारखेला गावातल्या एका पुस्तकाच्या दुकानाने रोखीने पैसे आणून दिले. त्यांना पन्नासच्या दोनशे वह्या दहा टक्के व्यापारी सुटीने दिल्या होत्या, म्हणून बिल ९,००० चं. मुदतीत आले म्हणून दोन टक्के कसर सोडली, १८० रुपये. नावे बाजूला रोख ८,८२०, सूट १८०. दहा तारखेला गल्ल्यातले १०,००० बँकेत भरले. ही नोंद दोन्ही बाजूंना येते: नावे बाजूला बँकेत दहा हजार, जमा बाजूला रोखीत दहा हजार. पैसा घरातल्या घरात हलला, म्हणून तिची खतावणी होत नाही. चौदाला एका शाळेच्या भांडाराने ५,००० च्या बाकीपोटी ४,९०० चा चेक दिला आणि शंभराची कसर घेतली.

पंधराव्या दिवशी बेरजा मारल्या. रोख आली १४,८२०, गेली १०,०००, शिल्लक ४,८२०. बँकेत आले ७४,९००, गेले ३९,२००, शिल्लक ३५,७००. सुटीच्या रकान्यात डावीकडे २८० आणि उजवीकडे ८००. इथे नवशिक्याचा हात हमखास शिल्लक काढायला जातो: आठशेतून दोनशे ऐंशी गेले, उरले पाचशे वीस! मीही सुरुवातीला एकदा तसं लिहिलं होतं आणि जुन्या मुनिमांनी कोऱ्या शाईने ते खोडलं होतं. हे दोन आकडे एकमेकांतून वजा करायचेच नाहीत. २८० आपण दिलेली सूट, तो खर्च. ८०० आपल्याला मिळालेली सूट, ते उत्पन्न. गिऱ्हाइकांना सोडलेली कसर आणि कारखान्याकडून मिळवलेली कसर यांचा एकमेकांशी संबंध नाही. एकीत वसुलीची घाई दिसते, दुसरीत देणं वेळेवर देण्याची ऐपत.

आणखी एक गाठ इथे सुटते. रोख आणि बँकेचे रकाने ही स्वतःच खाती आहेत, म्हणून त्यांच्यातली प्रत्येक नोंद खतावणीत समोरच्या बाजूला जाते. सुटीचा रकाना खातं नाही, तो नुसता टिपणाचा आहे. म्हणून त्याची बेरीज बाजू न बदलता जाते: डावीकडचे २८० 'दिलेली सूट' खात्याच्या नावे, उजवीकडचे ८०० 'मिळालेली सूट' खात्याच्या जमेला. आणि पुस्तकाच्या दुकानाच्या खात्यात जमेला ८,८२० नव्हे, दोन्ही रकाने मिळून पूर्ण ९,००० लिहायचे.

हे शेवटचंच विसरलं जातं. दुकानाच्या खात्यात फक्त ८,८२० जमा केले आणि सुटीची बेरीज मात्र नीट नेली, तर तेरीज १८० ने जुळत नाही, आणि तो आकडाच चोर दाखवतो. पण सुटीचा रकाना सरळ विसरलात, म्हणजे गिऱ्हाइकाच्या खात्यातही नाही आणि सूट खात्यातही नाही, तर तेरीज बिनबोभाट जुळते. मग हे कळतं वेगळ्या वाटेने. येणेकऱ्यांच्या यादीत १८०, १००, २४० अशा बारक्या बाक्या साचतात. कुणी तरी बिलाशी ताडून पाहतो, तर प्रत्येक बाकी बिलाच्या बरोबर दोन टक्के निघते. तोवर चांगल्या गिऱ्हाइकाला दोन स्मरणपत्रं गेलेली असतात.

याहून लपून राहणारी चूक चेक परत आल्यावर होते. समजा, भांडाराचा ४,९०० चा चेक अठरा तारखेला न वटता परत आला. जमा बाजूला बँकेच्या रकान्यात ४,९०० लिहिले. बँकेतले ३०,८०० राहिले (बँकेने लावलेला आकार वेगळा). पैसेच आले नाहीत, तर कसरही रद्द. हात साहजिकच शेजारच्या सुटीच्या रकान्यात शंभर लिहितो. पण तो रकाना आपल्याला मिळालेल्या सुटीचा आहे. तिथे शंभर गेले, की कागदावर मिळालेली सूट ९०० आणि दिलेली २८० दिसते. खरे आकडे ८०० आणि १८०. गंमत म्हणजे दोन्हीकडे फरक ६२० च राहतो. तेरीज जुळते, नफाही तोच येतो आणि चूक कुणाच्या नजरेला पडत नाही. म्हणून हे शंभर रोकड वहीत न लिहिता कीर्दीत लिहायचे: भांडार नावे १००, दिलेली सूट जमा १००. भांडाराकडे पुन्हा पूर्ण ५,००० येणे उभे राहतात.

उलट, व्यापारी सुटीला खातं उघडलं तर कागदोपत्री नफाच बिघडतो. खरेदी ५०,००० लिहून दहा हजार 'मिळालेली सूट' म्हणून उत्पन्नात धरले, आणि वर्षअखेर निम्म्या वह्या शिल्लक राहिल्या, तर त्या पन्नासच्या भावाने २५,००० च्या ठरतात. खऱ्या त्या २०,००० च्या आहेत. न विकलेल्या मालावर पाच हजारांचा नफा दिसतो आणि त्यावर आयकर बसतो. लेखामानक २ मध्ये व्यापारी सूट खरेदीच्या किमतीतून वजाच करायला सांगितली आहे, ती यासाठी.

सप्टेंबर २०२५ पासून शाळेच्या वह्यांवर जीएसटी नाही, म्हणून वरचा हिशेब सुटसुटीत राहिला. पेनांवर किंवा फायलींवर कर असतो, आणि तिथे दोन सुटींतला फरक लगेच खिशाला कळतो. बिलातच वजा दाखवलेली व्यापारी सूट सोडून उरलेल्या रकमेवर कर लागतो. नंतर दिलेल्या रोख सुटीने बिलावरचा कर आपोआप कमी होत नाही. त्यासाठी २०१७ च्या केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १५ मधल्या अटी पाळाव्या लागतात. संगणकावर हिशेब लिहिणाऱ्याला आता तीन रकाने दिसत नाहीत. पावतीच्या नोंदीत सूट वेगळी ओळ म्हणून घालावी लागते. ती ओळ विसरली, की तीच बारक्या बाक्यांची यादी तयार होते.

आमच्या दोनशे रुपयांचं एवढंच करायचं होतं. मिळालेली सूट आम्ही हजार लिहिली होती, ती आठशे हवी होती. कीर्दीत 'मिळालेली सूट नावे २००, कारखाना जमा २००' अशी नोंद केली आणि शेठची सही घेतली. पुढच्या आठवड्यात दोनशेंचा चेक गेला. ती ओळ लिहिताना सुटीचा रकाना मी कोरा ठेवला. दहा दिवसांची मुदत कधीच टळून गेली होती.