वीस दात्यांचा स्पिंडल

नळ गळायला लागला की हल्ली वायसर बदलून भागत नाही. पाव फेरीत उघडणाऱ्या नळात वायसरच्या जागी चिनी मातीच्या दोन चकत्या असतात आणि त्या पितळी स्पिंडलच्या पोटात बंद असतात. चकतीवर चरा पडला की अख्खा स्पिंडल बदलायचा. प्लंबर सांगतो, "अर्धा इंची, पाव फेरीचा आणा." दुकानदार नेमका तसाच देतो, आणि घरी आल्यावर नळाची मूठ त्यावर बसत नाही.

साताऱ्याला राहणाऱ्या एका काकूंच्या बाबतीत असंच झालं. त्यांच्या नळाचं मॉडेल बंद झालं होतं, म्हणून पुण्याच्या एका हार्डवेअर दुकानाला फोटो पाठवून त्यांनी भाग कुरिअरने मागवला. दरम्यान नळाला तात्पुरता प्लग लावून प्लंबर जुना स्पिंडल भंगारात घेऊन गेला. आलेला भाग चुकीचा निघाला तेव्हा पुरावा म्हणून हातात उरले ते फक्त तीन फोटो. तक्रारीचा ईमेल लिहायला मी त्यांच्याबरोबर बसले. फोटोतून किती खात्रीने सांगता येतं आणि कुठे थांबावं लागतं, हे त्या वेळी नीट पाहता आलं.

पहिला फोटो मूठ काढून अगदी वरून घेतलेला होता. स्पिंडलच्या दांड्याला वरच्या टोकाला उभे दाते असतात आणि मूठ त्यांवर बसते. हे दाते कधी 20 असतात, तर कधी 24. दोन्ही दांडे साधारण 8 मिलिमीटर जाडीचे, त्यामुळे शेजारी ठेवले तरी नजरेला फरक कळत नाही. काकूंच्या फोटोत अर्ध्याहून जास्त दाते क्षारांनी बुजलेले होते. तरीही मोजणी अडत नाही. फोटो मोठा करून मधोमध दोन रेघा काटकोनात मारायच्या आणि स्वच्छ दिसणाऱ्या एका पाव भागातले दाते मोजायचे. वीसचा स्पिंडल असेल तर पाच भरतात, चोवीसचा असेल तर सहा. इथे पाच भरले. मात्र फोटो तिरका असेल तर वर्तुळ लंबगोल दिसतं आणि ही मोजणी फसते, म्हणून आधी दांड्याची कड गोल दिसते ना, हे पाहायचं.

दुसऱ्या फोटोत स्पिंडल टेबलावर आडवा होता आणि शेजारी स्टीलची पट्टी होती. पट्टीवर आट्यांची जाडी 22 मिलिमीटर दिसत होती आणि एकूण लांबी 55. हे आकडे जसेच्या तसे ईमेलमध्ये घालणं चूक ठरलं असतं. पट्टी टेबलाला चिकटलेली होती, पण गोल भागाची सर्वांत रुंद रेषा तिच्यापेक्षा जवळजवळ एक सेंटिमीटर वर, म्हणजे कॅमेऱ्याच्या तेवढी जवळ होती. जवळची वस्तू मोठी दिसते. कॅमेरा वीस सेंटिमीटरवर असेल तर एवढ्याने पाच टक्क्यांचा फरक पडतो. पट्टी खाली पुस्तक ठेवून त्या उंचीला आणली असती आणि फोटो लांबून, झूम करून घेतला असता, तर हा फरक जवळपास गेला असता.

आता दुरुस्ती कशी करायची? त्यासाठी आलेला नवा भागच उपयोगी पडला. तो नळात हाताने सहज फिरला, म्हणजे आटे जुन्यासारखेच. अर्धा इंची आट्यांची बाहेरची जाडी 21 मिलिमीटर असते. अर्धा इंच हे माप मुळात जुन्या पाइपच्या आतल्या भोकाचं, आट्यांचं नव्हे. अर्धा इंच म्हणून 12.7 मिलिमीटर शोधत बसणारा माणूस इथे हमखास गोंधळतो. तर 22 दिसतं ते खरं 21, म्हणून 55 ला 21 ने गुणून 22 ने भागायचं. लांबी आली साडेबावन्न. नवा भाग मोजला तर 52. लांबीची तक्रार करण्यासारखं काहीच नव्हतं!

पट्टी नसली की लोक नाणं ठेवतात. ते टाळावं. रुपयाचं 2011 च्या मालिकेतलं नाणं सुमारे 22 मिलिमीटरचं आहे, तर 2019 च्या मालिकेतलं 20 चं. फोटोत कोणतं आहे हे समोरच्याला कळेलच असं नाही.

तिसरा फोटो खालच्या रबरी सीलचा होता. त्यातून सील जागेवर होतं एवढंच कळलं. नळ कोणत्या बाजूला फिरवल्यावर उघडतो, हे मात्र तिन्ही फोटोंत कुठेच दिसत नव्हतं. डावीकडे आणि उजवीकडे उघडणारे स्पिंडल बाहेरून सारखेच दिसतात. ते काकूंना रोजच्या सवयीने माहीत होतं, म्हणून ईमेलमध्ये तसंच लिहिलं.

ईमेल असा गेला:

"विषय: चुकीचा स्पिंडल मिळाला, बदलून मिळावा (बिलाची प्रत जोडली आहे)

महोदय, आपण पाठवलेल्या स्पिंडलला 24 दाते आहेत. माझ्या जुन्या स्पिंडलला 20 होते, त्यामुळे नळाची मूठ बसत नाही. ऑर्डर देताना पाठवलेला फोटो 1 पुन्हा जोडला आहे. खूण केलेल्या पाव भागात पाच दाते दिसतात. नव्या भागाचा तसाच फोटो 4 मध्ये आहे, त्यात सहा दिसतात. आटे आणि लांबी जुळते, त्याबद्दल तक्रार नाही. लांबी फोटोवरून काढली आहे, एक-दोन मिलिमीटर इकडे-तिकडे असू शकते. नळ डावीकडे फिरवल्यावर उघडतो. हे वापरावरून सांगते, फोटोत दिसत नाही. भाग हाताने लावून पाहिला, पाना वापरलेला नाही. कृपया 20 दात्यांचा, डावीकडे उघडणारा स्पिंडल पाठवावा. तो नसल्यास पैसे परत करावेत. चुकीचा भाग कसा परत घ्याल ते कळवावे."

फोटो मूळ फाइल म्हणून जोडले, कारण मेसेजमधून पाठवताना ते दाबले जातात आणि दात्यांच्या कडा पुसट होतात.

'पाना वापरलेला नाही' हे वाक्य मी आग्रहाने घालायला लावलं. वस्तू विक्री कायदा 1930 च्या कलम 15 प्रमाणे वर्णनावरून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळली पाहिजे, आणि कलम 41 ग्राहकाला ती तपासून पाहायची रास्त संधी देतं. पण मूठ बसावी म्हणून दाते कानशीने घासले, तर वस्तू स्वीकारली असं धरलं जाऊ शकतं, आणि मग ती नाकारण्याचा हक्क हातचा जातो. शिवाय वीस दात्यांची मूठ चोवीसवर ठोकून बसवली तर ती थोड्या दिवसांत घसरायला लागते आणि मूठही नवी घ्यावी लागते.

दुकानाची बाजूही खरी आहे. ऑर्डरमध्ये नुसतं 'अर्धा इंची, पाव फेरीचा' एवढंच असतं, तर आलेला भाग वर्णनाप्रमाणेच होता असं ते म्हणू शकले असते. फोटो आधीच पाठवलेला होता, यावरच काकूंची बाजू उभी होती.

दुकानाचं उत्तर आलं: क्षारांमुळे दाते नीट दिसत नाहीत, आणखी काही पुरावा आहे का? प्रश्न रास्त होता. जुना स्पिंडल गेला असला तरी मूठ घरातच होती, आणि तिच्या भोकात त्याच दात्यांचा साचा असतो. काकूंनी घट्ट मळलेल्या कणकेची गोळी त्यात दाबून अलगद बाहेर काढली, ठशाचा वरून फोटो घेतला आणि पाठवून दिला. त्यात वीसच्या वीस खाचा मोजता येत होत्या.