सहकारी अचानक गेल्यावर

समजा, पुण्यातल्या एका मध्यम कंपनीचं अकाउंट्स खातं आहे. रविवारी रात्री तिथला एक जण हृदयविकाराच्या झटक्याने जातो आणि सोमवारी सकाळी त्याच्या भावाचा फोन साहेबांना येतो.

अशा वेळी लगेच ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज टाकू नये. ज्याचा-त्याचा रोज एकत्र डबा व्हायचा, जिची खुर्ची शेजारी होती, त्यांना आधी फोन करावा, रजेवर असलेल्यांनाही. जिवलग सहकाऱ्याला ही बातमी रिक्षात बसल्या-बसल्या मोबाइलवर वाचायला लागणं फार क्रूर आहे. मग बाकीच्यांना एकत्र बसवून तोंडी सांगावं आणि त्यानंतर लेखी कळवावं. मजकूर साधा हवा: अमुक यांचं काल रात्री निधन झालं, अंत्यविधी इतक्या वाजता इथे आहे, ज्यांना जायचंय त्यांनी जावं, रजा टाकावी लागणार नाही. मृत्यूचं कारण घरच्यांची संमती असेल तरच लिहावं. आत्महत्या असेल तर ती कशी केली याचा उल्लेखही नको.

खरी अडचण कामाची. दर महिन्याच्या २० तारखेला जीएसटीचं ३बी विवरण जायचं असतं आणि पोर्टलचा ओटीपी गेलेल्या माणसाच्या मोबाइलवर येतो. तो फोन आता त्याच्या बायकोपाशी. ‘वहिनी, जरा ओटीपी सांगता का?’ असा फोन तिला कोणीही करू नये. त्याची डिजिटल सही वापरणं तर साफ चूक. अधिकृत स्वाक्षरीकर्ता बदलून घ्यावा. नंबर बदलणं अडलं तर संबंधित कर अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. उशीर झालाच तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर १८ टक्के व्याज बसेल. तेवढं कंपनीने सोसावं.

बाकीच्या कामांची यादी साहेबांनी स्वतः करावी: या आठवड्यात अडणारं, महिनाभर थांबू शकणारं आणि सोडूनच देता येणारं. ‘त्याचं काम तुलाच ठाऊक आहे’ म्हणून सगळं ओझं त्याच्या जवळच्या मित्रावर पडतं, आणि तोच सगळ्यात खचलेला असतो. त्याच्याकडून माहिती घ्यावी, काम दुसऱ्यांत वाटावं. टेबल आवरण्याआधी घरच्यांना विचारावं, आणि कॅलेंडरमधल्या त्याच्या नावाच्या मीटिंगा कुणीतरी आठवणीने काढून टाकाव्यात.

रजेचे नियम बहुतेक ठिकाणी फक्त नातेवाइकांच्या मृत्यूचा विचार करतात. म्हणून अंत्यविधीचा दिवस आणि तेराव्याचा अर्धा दिवस हजेरीत धरण्याचा लेखी निर्णय पहिल्याच दिवशी व्हावा, म्हणजे कुणाला किरकोळ रजेसाठी हात पसरावे लागत नाहीत. काही जणांना घरी बसवत नाही. त्यांना कामावर येऊ द्यावं, पण हलकं काम द्यावं. कुणी महिन्याभरानेही झोपत नसेल, साध्या बेरजा चुकत असेल, तर त्याला एकट्याला गाठून विचारावं, रजा द्यावी आणि सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक हाती द्यावा.